दादा बघत नव्हता तेव्हा

ट्रॅक्टरचा नुसता भाव काढायला थोरला भाऊ बारामतीतल्या शोरूमा फिरला आणि प्रत्येक ठिकाणी मागतील तशी आधार-पॅनची झेरॉक्स देऊन आला. मी म्हटलं, "दादा, आधी तुझा क्रेडिट स्कोर बघ."

"नगं. बघितला की उतरतो."

माझं डोकंच फिरलं. आपला आपण कितीदाही बघा, उतरत नाही. कर्जाच्या अर्जावरून फायनान्सवाले बघतात, त्यानं उतरू शकतो.

शेवटी त्याच्याच मोबाइलवर बघायला लावला. स्कोर घसरला होता. खाली फायनान्सवाल्यांच्या चौकश्यांची रांग, आणि सगळ्यात वरची परवाची, पर्सनल लोनची.

"म्या असलं लोन मागितलंच न्हाय," दादा पुटपुटला.

झेरॉक्स कुठं कुठं दिली, ते त्याला आता आठवेना.