तीन इंचांचा जॉइंट

मी आठवीतून शाळा सोडली आणि हिंगोलीकडून इकडे भाईंदरला आलो. इकडे मला ज्यांनी काम शिकवलं ते उत्तनचे. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, म्हणून मीही. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. माझ्या तापात त्यांच्या घरून पेज यायची, हे मी विसरत नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

अंकलचे गुडघे गेले होते. शिडीवर चढवेना. नवघरमधल्या सात जुन्या सोसायट्यांचं प्लंबिंग ते बघायचे आणि आता ते सगळं माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात होतं. पण सोसायट्यांनी मला मान्य करायला हवं होतं. एका सेक्रेटरींनी सरळ सांगितलं, "आधी एक काम त्याला एकट्याला करू दे. जमलं तर बाकीच्यांना मी सांगतो." ते परळहून इकडे राहायला आलेले, सरकारी ऑफिसातले, बोलायला गोड.

काम असं होतं. तीन मजली इमारत. डक्टमधून, पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, स्वयंपाकघरांच्या सांडपाण्याचा बिडाचा, ओतीव लोखंडाचा पाईप खाली उतरत होता. जुन्या पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं वरचं तोंड रुंद, त्यात वरच्या तुकड्याचं शेपूट घातलेलं, आणि मधली फट काथ्या ठासून वर शिसं ओतून बंद केलेली. सगळ्यात खालचा तुकडा उभा चिरला होता. तो कापून तिथून जमिनीतल्या चेंबरपर्यंत प्लास्टिकचा पाईप टाकायचा. म्हणजे बीड आणि प्लास्टिक यांचा एकच जॉइंट.

आमच्याकडचे बरेच जण अशा वेळी शिसं उकरून काढतात, बिडाच्या रुंद तोंडात प्लास्टिक घालतात आणि भोवती सिमेंट भरतात. दिसायला एकदम पक्कं. पण प्लास्टिक गरम पाण्याने फुगतं, थंड झालं की आखडतं, आणि सिमेंट त्याला धरत नाही. अंकल तसलं काम कधी करायचे नाहीत.

त्यांनी दोन्ही पाईपांना सुतळी गुंडाळून मला घेर दाखवला होता. "बघ. दुकानात दोघांना तीन इंची म्हणतात. पण बीड बाहेरून त्र्याऐंशी मिलिमीटर हाय, प्लास्टिक पंचाहत्तर. दोन्हीकडे सारखं रबर चालणार न्हाय. एक बाजू मोठी, एक बारीक, तेच पाहिजे."

तेच म्हणजे ट्रान्झिशन कपलिंग. आत दोन मापांची रबरी नळी, वर स्टीलचं कवच, दोन्ही टोकांना आवळायच्या पट्ट्या. भाईंदरला मिळत नव्हतं. अंकलने मुंबईहून मागवलं, मंगळवारी येणार होतं. मला एवढंच बजावलं, "ते हातात आल्याशिवाय बीड कापू नको."

रविवारी सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, आज सगळे मेंबर घरी आहेत. आज कापून ठेवा ना, निदान काम सुरू झालेलं दिसेल. तुम्हीच करणार आहात ना आता?"

त्या शेवटच्या वाक्याने मी फसलो. वरचा पाईप खाली बसू नये म्हणून भिंतीला दोन क्लॅम्प मारले, ते बरोबर केलं. मग ग्राइंडर लावला. चिरलेला तुकडा काढला, खाली प्लास्टिक उभं केलं. बारा वाजता काम अर्धवट, आणि तिन्ही मजल्यांची सिंकं बंद.

एकेक जण खाली यायला लागला. माल मंगळवारी येईल, असं मी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मंगळवारपर्यंत भांडी कुठे घासायची, खाडीवर?"

तळमजल्यावरच्या गुजराती बेन दार उघडून म्हणाल्या, "भाई, मेरे यहाँ मेहमान है."

आणि सेक्रेटरी हळूच, "जमत नसेल तर सांगा. आम्ही अंकलना बोलावतो."

अंकलना फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण फोन केला तर मला एकट्याला जमलं नाही असंच झालं असतं. मी खिशात हात घातला, फोन धरला आणि तसाच सोडला. शांती नगरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "यही है, दोनों तरफ बराबर." ते कपलिंग दोन्हीकडून बिडाच्या मापाचं होतं. प्लास्टिकवर ते चार मिलिमीटर सगळ्या बाजूंनी मोकळं राहायचं. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, प्लास्टिकला चार वेढे दिले, वर कपलिंग सरकवलं आणि पट्ट्या जीव खाऊन आवळल्या.

वरून पाच बादल्या ओतल्या. एक थेंब बाहेर आला नाही. खरं तर वाहत्या पाण्याने जॉइंट कळत नाही. खालचं तोंड बंद करून वर पाणी उभं करावं लागतं, हे मला माहीत होतं. मी ते केलं नाही, कारण मला उत्तर नको होतं.

सेक्रेटरींनी पाठ थोपटली. अंकलना मी सांगितलं, "झालं." त्यांना वाटलं असेल कपलिंग लवकर मिळालं. मागवलेलं मंगळवारी आलं, ते त्यांच्या घरी पोचलं. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं असणार. त्यांनी विचारलं नाही, मीच सांगेन म्हणून वाट बघत राहिले. मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी बेनच्या स्वयंपाकघराची भिंत फुगली. भाताचं गरम पाणी, तेल, परत थंड पाणी, यात ट्यूबचे वेढे सरकले होते आणि त्यांच्या मधून पाणी झिरपत होतं. भिंतीतल्या कपाटात त्यांनी मुलीच्या लग्नासाठी जपलेल्या साड्या होत्या. त्या काळ्या पडल्या. बेननी साड्या पलंगावर काढल्या. एकेक साडी उलगडून बघत बसल्या, आणि मला तिथे उभं राहावं लागलं.

सेक्रेटरींनी बोलावलं तसे अंकल रिक्षाने आले, मुंबईचं कपलिंग पिशवीत घेऊन. डक्टमध्ये स्टुलावर चढले, मी धरू लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." माझी ट्यूब सोडवून खाली टाकली. बिडाचा गंज तारेच्या ब्रशने घासला, कापलेली कड कानशीने सपाट केली. मोठी बाजू बिडावर, बारीक प्लास्टिकवर, दोन्ही पाईप आतल्या कडेला टेकेपर्यंत. पट्ट्या आळीपाळीने आवळल्या, कवच हाताने फिरेनासं होईपर्यंत. खाली प्लास्टिकला मी न मारलेला क्लॅम्प मारला. मग चेंबरकडचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि पंधरा मिनिटं सगळ्यांना थांबवलं. कोरडं.

तोवर आठ-दहा मेंबर जमले होते. एकाने विचारलं, "पहिल्यांदा असं का नाही केलं?"

सेक्रेटरी लगेच म्हणाले, "आम्ही तर म्हटलं होतं, सावकाश करा. घाई कोणी केली?" आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंकल हात पुसत होते. म्हणाले, "माल मी दिलेला. चूक माझी हाय."

"मग आता तुमचंही वय झालं, अंकल," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही दुसरं कोणी बघतो."

मी तोंड उघडायला हवं होतं. रविवारचा फोन कोणाचा होता, ट्यूब कोणी लावली, माल कधी आला, तीन वाक्यं. मी हत्यारं पिशवीत भरत राहिलो. एकेक पाना पुसून भरला, तेवढा वेळ जावा म्हणून.

महिनाभरात बाकीच्या सहा सोसायट्याही गेल्या. त्या दिवशी परत जायला रिक्षात बसताना अंकल मला म्हणाले होते, "रबर चुकीचं लावलंस ते मी समजतो. फोन का न्हाय केलास?" मी म्हटलं, भीती वाटली. ते म्हणाले, "माझी?" आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

आता मी पूनम सागर भागात एका कंत्राटदाराकडे कामाला असतो. उत्तनला गेलो तर अंकल बसायला सांगतात, जेवायला वाढतात. कामाबद्दल विचारत नाहीत.