दुरडीतला चौथा चतकोर

माय गेली त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला पंगतीआधी काहीतरी वाचावं म्हणून मी नांदेडला बसून एक कविता लिहिली. आदल्या दिवशी मुरूडला घरी गेलो आणि आक्काला वाचून दाखवली. आम्हा तिघा भावंडांत तीच थोरली. तिला नको असेल तर वाचायची नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं.

कविता भुकेवर होती. दुष्काळातली रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, तिची एकच भाकरी. माय तिचे चार चतकोर करते. तीन आमच्या हातांवर ठेवते, चौथा दुरडीत ठेवून वर फडकं टाकते. आलंगेलं कुणी उपाशी जाऊ नये म्हणून आमच्याकडं दुरडी रिकामी करत नसत. मायच्या वाट्याबद्दल मी शब्दही लिहिला नव्हता. तो हिशेब वाचणाऱ्यानं करायचा. शेवट मात्र असा होता:

पोरांचे डोळे दुरडीवर
मायचे भरलेले डोळे पदराआड
भुके, तू आमची सावत्र माय

आक्का मेथी निवडत होती. हात थांबले.

"हे नको वाचू."

"का गं?"

"मेल्यावर तिला भिकारीण करायलास व्हय रं? पाव्हण्यांच्या घशाखाली घास उतरंल का?"

"पण ती उपाशी होती, आक्का."

"व्हती की. पर रडत न्हवती. दाराकडं बघायची, कुणी येतंय का म्हणून. तू बारका. तुझं समदं ध्यान भाकरीवर. आता बी तिथंच हाय."

आणि ती हसली. मायनंतर तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

मी ओट्यावर बसून सावत्र मायची ओळ खोडली. तिथं मी भुकेला नाव देत होतो, आणि नाव दिलं की चतकोराला सांगायला काही उरत नव्हतं. मग पदर खोडला. पदराआड गेलेली माय फक्त आमची होती. तिला दाराकडं वळवलं तर तोच चतकोर उपाशी घराचा राहत नव्हता, येणाऱ्याचा होत होता. उरलं ते एवढं:

पोरांचे डोळे दुरडीवर
मायचे डोळे दाराकडे

आक्कानं ऐकलं. "हां," म्हणाली, "आता वाच."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली, जेवणाआधी मी कविता वाचली. मग शेजारच्या म्हाताऱ्या मामांनी खाकरून विचारलं, "मग, आलं का कुणी?"

आक्का वाढता वाढता म्हणाली, "आता काय सांगावं! तुम्हीच तर येत व्हता, मामा."

पंगत हसली. मामांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं, आणि ताट पुढं सरकवत म्हणाले, "मग वाढ की."