आप्पांसाठी बिनगिअरची गाडी

आप्पा आणि आई गाडीवरून पडले हे मला शिरूरला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. तेही त्यांच्या दौंडच्या शेजारणीनं सहज फोनवर सांगितलं म्हणून. मी तशीच कामावरनं निघाले, न्हावरा, केडगाव, चौफुला करत गाड्या बदलत पोचले, तर आप्पा मनगटाला पट्टी बांधून पेपर वाचत बसलेले. आई कूस न बदलता पालथी पडलेली. कंबर काळीनिळी झाली होती.

"खड्ड्यात गेलं चाक," आप्पा म्हणाले. "त्यात काय एवढं धावत यायचं."

माझं डोकंच फिरलं. सत्तरीला टेकलेला माणूस, डावं मनगट आधीच कामातून गेलेलं, आणि खाली ती लोखंडी स्कूटर. गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या हातात. इंजिन सगळं उजव्या अंगाला, त्यामुळे गाडी कायम उजवीकडे ओढ घेणारी. आप्पा रेल्वेत नोकरीला होते तेव्हापासून ती वापरत आले. त्या गाडीनं आम्हाला शाळेत सोडलं, दवाखान्यात नेलं, सगळं खरं. पण म्हणून काय जन्मभर तिला उचलत बसायचं?

गाडी बंदच करा, असं मी म्हणाले नाही. म्हणू शकत नव्हते. आईचे गुडघे गेल्यापासून ती चालत लांब कुठं जात नसे. बाजार, रविवारची विहारातली वंदना, कासुर्डीची मावशी, सगळं आप्पांच्या मागं बसून. गाडी थांबली तर आप्पांचं एकट्याचं नाही, दोघांचं फिरणं थांबणार होतं. तेवढं मला कळत होतं, म्हणून मी दुसरा घाट घातला. गिअर नसलेली हलकी गाडी घ्यायची. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे, तेव्हा अशा गाड्या शिरूरच्या रस्त्यावर पोरीबाळी सर्रास चालवायला लागल्या होत्या.

"पोरींची गाडी," आप्पा म्हणाले.

"मग मी पोरगीच आहे. मी सांगते म्हणून घ्या."

आईची कंबर जरा बरी झाल्यावर दोघांना शिरूरला बोलावून घेतलं. त्या आठवड्यात मला घडीभर चैन नव्हतं. कंपनीत काम करता करता पार्किंगमधल्या गाड्या बघायची. कुणाचं सीट किती उंच, कोण स्टँड कसं लावतं. एका बाईला तर मी जेवणाच्या सुट्टीत तिची गाडी चारदा स्टँडला लावायला लावली. ती म्हणाली, तुम्हाला बरं नाही का वाटत?

शोरूममध्ये गेल्या गेल्या आप्पा सरळ सगळ्यात जाडजूड गाडीपाशी. पत्र्याचं अंग, रुंद सीट.

"ही बघ. वजनदार गाडी रस्ता धरून चालती. बाजूनं ट्रक गेला तरी हालत न्हाई."

"चालताना," मी म्हणाले. "आणि थांबल्यावर? ते वजन कुणी धरायचं?"

सेल्समन माझ्याच वयाचा, गळ्यात टाय, पण बोलणं समजुतीचं. तो म्हणाला, "काका, बसून बघा. दोन्ही पाय टेकवा." आप्पा बसले. चवडे टेकले, टाचा अधांतरी. मग मुद्दाम जरा बाजूला कलवून बघा म्हणाला. आप्पांनी कलवली आणि दातओठ खात परत उभी केली. उभी केल्यावर आमच्याकडे बघितलं नाही.

दुसरी मोपेडच्या जातीची. वजन काहीच नाही, चाकं मोठी, म्हणजे खड्ड्यात आपटायला कमी. मला तीच पसंत पडली होती. पण सीटच्या पुढं पाय ठेवायला सपाट जागा नाही, मधून नळीसारखा दांडा गेलेला. आप्पांना पाय पलीकडे टाकताना गुडघा दांड्याला लागला, परत लागला. शिवाय बाजाराची पिशवी ठेवायची कुठं? बाद.

तिसरी मात्र जमली. मधलं वजन, खाली सपाट फळी, पाय सहज आत जाणारा, टाचा पूर्ण टेकणाऱ्या. चाकं लहान होती, ते मला खुपत होतं, पण सगळं एका गाडीत कुठं मिळतं? सेल्समननं स्टँड लावून दाखवलं. आप्पांनी नेहमीसारखी मागून धरून हातानं उचलायला घेतली, तर त्यानं थांबवलं. "काका, उचलायची नाही. स्टँडच्या दांडीवर पाय ठेवा, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले का बघा, आणि अंगाचा भार पायावर टाका. हातानं फक्त दिशा द्यायची." आप्पांनी केलं. गाडी आपली आपण मागं चढली. त्यांनी परत खाली घेतली, परत चढवली. तिसऱ्यांदा करताना त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते बघून मला भरून आलं.

"साइड स्टँड पण आहे," सेल्समन म्हणाला.

"आमच्या दारात मुरूम हाय. त्यात रुततं ते. मग कलंडती," आप्पा म्हणाले. "हे डबल स्टँडच बरं."

बाहेर चक्कर मारली. पहिल्या वळणावर आप्पांनी सवयीनं डावा दांडा क्लच समजून दाबला. तो होता मागचा ब्रेक. गाडी कचकन थांबली. पण दोन चकरांत हात बसला. परत आले ते एखादं बक्षीस मिळाल्यासारखे. मी मनात म्हणाले, सुटले बाई एकदाची.

"आई, बस आता मागं. एक चक्कर दोघं मारून या."

आई इतका वेळ खुर्चीवर बसून होती. ती उठली, गाडीजवळ आली आणि म्हणाली, "आधी डबल स्टँडला लावा."

सेल्समन हसला. "काकू, अशाच बसा. काका पाय टेकवून धरतील की."

"मला हालत्या गाडीवर चढता येत न्हाई."

मला काही कळेना. आप्पा मात्र लगेच उतरले, गाडी स्टँडला लावली. आईनं सीटला धरलं, एक पाय फूटरेस्टवर ठेवला, अंग वर ओढलं आणि डावीकडे दोन्ही पाय सोडून एका अंगावर बसली. मग आप्पा डाव्या बाजूला उभे राहिले, दोन्ही मुठी धरल्या आणि आईसकट गाडी पुढं ढकलायला लागले. आईला घेऊन स्टँडवरून खाली काढायची, धरून ठेवायची आणि मग पुढून पाय आत घालून बसायचं. आई मागं बसल्यावर पाय मागून टाकता येत नाही, म्हणून मधली जागा मोकळी पाहिजे. हे सगळं त्यांना इतकं सरावाचं होतं की दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. आईचे गुडघे गेले तेव्हापासून ते असेच निघत होते, दारातून, बाजारातून, विहारातून. मी सणावाराला जाणारी, मी कधी त्यांना निघताना बघितलंच नव्हतं.

गाडी एकदा पुढं हलली, परत मागं आली. आप्पांनी जोर लावला. स्टँड सुटलं, गाडी धपकन चाकांवर आली आणि आप्पांच्या हातातून पलीकडे, उजव्या बाजूला झुकायला लागली. आई पाठमोरी त्याच बाजूला जायला लागली. सेल्समननं झेप घेऊन पलीकडून धरली नसती तर ती फरशीवर डोक्यावर पडली असती.

मी धावत जाऊन आईचा दंड धरला. आई मात्र शांतपणे खाली उतरली, पदर सारखा केला.

"त्या दिवशी असंच झालं," ती म्हणाली. "खड्डा न्हाई आन् काय न्हाई. दारातच पडलो आम्ही."

मी आप्पांकडे बघितलं. ते मनगट चोळत गाडीच्या आरशाकडे बघत होते. चीड आली, रडू आलं, दोन्ही एकदम. खोटं का बोललात, असं विचारणार होते. पण उत्तर समोरच होतं. खड्ड्यात पडलेल्या माणसाला दुसरी गाडी मिळते. दारात बायकोला पाडलेल्या माणसाला कोण गाडी देईल?

"याहून हलकी दाखवा," मी सेल्समनला म्हणाले.

त्यानं मान हलवली. "ताई, गाडी कितीही हलकी घ्या. काकूंचं वजन त्यात येणारच ना."

मग मी सुटलेच. घरापुढं ओटा बांधू, आई ओट्यावरून बसेल. बाजारात कुठला ओटा? स्टूल सोबत न्यायचं. बसवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारायची. माझं मलाच ऐकवेना, पण तोंड थांबत नव्हतं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एकट्याला कशाला गाडी? मी चालत जाईन." आणि दाराकडे निघाले.

"थांबा," आई म्हणाली. आप्पा थांबले. "तुम्हाला चालवता येती. चांगली चालवता. मला चढता येत न्हाई, त्यात तुमचा काय दोष? घ्या ही गाडी. मी टमटमनं जाईन. टमटम चढताना हालत तरी न्हाई."

एवढंच बोलून ती परत खुर्चीवर जाऊन बसली. आप्पा दारातून परत गाडीपाशी आले. मग त्यांनी गाडी घेतली. मी म्हणाले होते तीच गाडी, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. परतीच्या सबंध वाटेनं मला वाटत होतं, आपण यांना सुरक्षित करायला निघालो आणि यांची जोडी फोडून बसलो.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी दौंडला गेले. घरी कुलूप. वंदनेची वेळ होऊन गेली होती, येतीलच म्हणून मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. प्रत्येक गाडीत मला आप्पा दिसत होते. मग टमटम आली, खच्चून भरलेली. मागं तोंड करून बसायच्या बाकावर आई. आणि टमटमच्या मागं, चार हातांवर, आप्पा. नवी गाडी, सावकाश, डिझेलचा सगळा काळा धूर तोंडावर घेत.

टमटम थांबली. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, दांडीवर पाय ठेवून स्टँडला लावली आणि आईला हात द्यायला गेले. दोघांचं काहीतरी आधीपासूनचं बोलणं चालू होतं, ते उतरतानाही चालूच राहिलं.

"आप्पा, एवढा धूर खाताय," मी म्हणाले. "गाडी हलकी आहे, पुढं निघून जायचं की."

"म्होरं जाऊन काय करू?" ते म्हणाले. "ती ह्या बाकावर बसती. मला बघत येती."