चिमणाबाईंची रविवारची गोळी

आकाराम शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला होता. साच्यात केसाएवढी चीर दिसली तरी अख्खा साचा मोडायला लावणारा माणूस. पण घरी आईच्या गोळ्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते. चिमणाबाईंना सकाळच्या जेवणाबरोबर साखरेची आणि रक्तदाबाची, रात्री कोलेस्टेरॉलची. विचारलं की म्हणायच्या, "घेतली की रं." आणि महिन्याच्या शेवटी साखरेच्या चार-पाच उरलेल्या असायच्याच.

शेवटी त्यानं सात दिवसांची, सकाळ-रात्रीच्या वेगळ्या खणांची डबी आणली. सोमवारच्या सुट्टीला डॉक्टरांची चिठ्ठी पुढं ठेवून, दोनदा मोजून, एकेक खण भरला. झाकणांवर मार्करनं वार लिहिले. आईच्या मोबाइलवर सकाळी साडेनऊचा गजर लावला आणि त्यात स्वतःचाच आवाज भरला, "आई, गोळी घे!" मग दिवसभर स्वारी आपल्याच हुशारीवर खूश.

आठवडा संपला तर रविवारच्या सकाळच्या खणात साखरेची गोळी तशीच. आकारामचं डोकं फिरलं.

"एवढं करून बी पालथ्या घड्यावर पाणी! उद्या तुला काय झालं तर मी काय करू?"

राग कसला, भीतीच होती ती. चिमणाबाईंनी डबी उचलून फळीवर ठेवली.

पुढच्या रविवारी अकरा वाजता त्यानं कामावरून फोन लावला.

"गोळी घेतलीस?"

"घेतली." आवाज जड येत होता. "आकाराम, हात लई कापायल्यात. घाम सुटलाय."

शेजारच्या स्नेहलला फोन करून त्यानं घरी पळवलं. मिनिटभरात ती फोनवर ओरडली, "दादा, काकी बोलायल्यात, पण सकाळपासनं पोटात काय न्हाय. रविवारचा ज्योतिबाचा उपास हाय त्यांचा!"

उरलेल्या गोळ्यांचा हिशेब आकारामला तिथं लागला. महिन्याचे रविवार चार-पाचच असतात. आई विसरत नव्हती, जेवण नाही म्हणून गोळी नाही, एवढं ती नीट पाळत होती. डबीनं आणि त्याच्या रागानं ते मोडलं.

"साखर घाल पाण्यात, तीन चमचे! गिळता येतंय न्हवं? घोट घोट पाज, मग खायला घाल!" तो ओरडतच गाडीकडं पळाला.

तो पोचला तेव्हा चिमणाबाई भाकरी खात होत्या. तो त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी साखर तपासली, दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं आणि बजावलं, की पोटात अन्न नसेल तर ही गोळी घ्यायची नाही, आणि उपास करायचा तर आधी मला विचारायचं.

घरी आल्यावर आकाराम आईच्या पायाशी बसला.

"उपास हाय म्हणून सांगायचं न्हाय व्हय मला?"

"कवा सांगू?" चिमणाबाई म्हणाल्या. "फोनवर बी तू, घरात बी तू, गोळी घेतलीस का एवढंच इचारतोस. जेवलीस का, हे कवा इचारलंस?"