पिशव्यांची रोषणाई

आज आजी झालेली मी तेव्हा पन्नाशीची अतिशहाणी होते. लेकीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना तिला घेऊन मुलुंडच्या स्किन क्लिनिकमध्ये माझ्या डोळ्यांखाली इंजेक्शनने फिलर भरून घ्यायला गेले. तिथल्या फुगलेल्या पिशव्यांवर फ्रिजमधले थंड चमचे दाबले, तरी सूज तासभरच उतरायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, फिलरने खड्डा भरतो, चरबीची पिशवी जात नाही. शिवाय काळंनिळं पडलं तर लग्नापर्यंत राहील."

"मग फोटोत डोळ्यांवर पदर घेऊ?"

"काळेपणा झाकायचं कन्सीलर कुठे लावता?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीवर बोट ठेवलं. सर्वांत गोरी छटा, जाड थर.

लेक वैतागली. "आई, फुगलंय तेच उजळवतेस? खालच्या सावलीत लावायचं गं."

लग्नाच्या सकाळी नवरीनेच मेकअपवालीला थांबवून माझ्या पिशव्यांखालच्या सावलीत पीच रंगाचं कन्सीलर लावलं. फोटोत पिशव्या कमी दिसतात, लेकीचा वैताग मात्र स्पष्ट दिसतो.