नालीचा ठराव

ओल्या सिमेंटचा वास आला की मला उतईजवळच्या आमच्या गावातली ती ग्रामसभा आठवते. शहरातल्या पावर हाउस बाजारात हमाली करून मी गावात दुकान उभं केलं होतं, आणि दारापुढे बारा महिने सांडपाणी साचायचं. सरपंच नव्या होत्या, नागपूरकडून आलेली सून. पंचायतीला आलेल्या निधीतून वर्षभराची कामं ठरवायची होती. अर्धे लोक रस्ता मागत होते, अर्धे स्मशानात शेड. बाई म्हणाल्या, "यातला मोठा हिस्सा पाणी न् स्वच्छतेलेच बांधलेला आहे. त्यातून रस्ता होत नाही." मी ताडकन उठलो. "मंग नाली तर होते ना? ते स्वच्छतेतच येते. उरलेल्यात शेड घ्या. नाली झाली की आहे तो रस्ताही टिकते." आधी बायकांचे हात वर गेले, मग सगळ्यांचे. सचिव ठराव लिहू लागला, तसा बाईंनी नकाशा उलगडला. "काकाजी, नाली तुमच्या ओट्यातून जाते, न् ओटा पंचायतीच्या जागेवर आहे. कधी तोडता?" सभा हसली. मी चिडून म्हणालो, "उद्याच तोडतो. पण माझ्या दारापुढे झाकण पाहिजे." "लिहा," बाई सचिवाला म्हणाल्या, "झाकण सगळ्यांच्याच दारापुढे." आजही गिऱ्हाईक त्या झाकणावर कोरड्या पायांनी उभं राहून भाव पाडतं, आणि मला माझा ओटा आठवतो.