आईची गाणी आणि बाबांचं बंद होणारं खातं

बाबा गेल्यावर महिन्याभरात मी त्यांचं सगळं बंद करून टाकलं. हे मी अभिमानाने सांगत असे. गॅसची जोडणी आईच्या नावावर केली, मृत्यूचा दाखला घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले आणि त्यांचा नंबर परत केला, त्यांचा फोन पुसून कोरा केला आणि आईचं कार्ड घालून तिच्या हातात दिला. भाऊ पुण्याहून म्हणाला, "ताई, तू तर ऑफिसच काढलंस!" मला ते कौतुक वाटलं.

आम्ही कोराडीची माणसं. बाबांनी उभा जन्म वीज केंद्रात काढला, आता मी तिथेच इंजिनिअर आहे. एखादं यंत्र सेवेतून काढलं की त्याच पाळीत त्याचे सगळे पुरवठे तोडायचे, हे आमच्या हाडात मुरलेलं. अर्धवट सोडलेली वायर म्हणजे कोणाचा तरी जीव. तेव्हा बाबांच्या फोनमध्ये आवाज साठवून ठेवणारं एक ॲप दिसल्यावर मी ते उघडूनही पाहिलं नाही. त्या कंपनीला पत्र लिहिलं: माझे वडील वारले आहेत, त्यांचे खाते कायमचे बंद करावे. सोबत दाखला, माझं ओळखपत्र, सगळं जोडलं. मग फोन पुसला. उत्तर आलं की अर्ज मिळाला, पडताळणीनंतर पंधरा दिवसांत खातं आणि त्यातलं सगळं काढून टाकलं जाईल, आणि एकदा काढलेलं परत आणता येत नाही. मी वहीतल्या यादीवर आणखी एक खूण केली.

ते उत्तर आल्याच्या नवव्या दिवशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून वं, माह्ये गाने कुठं गेले?"

आई गाणी रचते. लिहून ठेवत नाही, भाजी निवडताना जुळवते आणि विहारातल्या बायकांना शिकवते. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग मागे लावून घेतला होता. रोज दुपारी तीनला पंखा बंद करायचे, कुकर उतरवायला लावायचे आणि आईचं गाणं फोनवर घ्यायचे. मला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचा टाइमपास आहे. ती गाणी कुठे साठतात याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि फोन पुसताना मी फक्त फोटो उतरवून घेतले होते. गाणी त्या ॲपमध्ये होती. ॲप उघडायला बाबांच्या नंबरवर येणारा आकडा लागत होता. नंबर मी परत केला होता.

मी दुकानात धावले. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की परत केलेला नंबर आता मिळायचा नाही, काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कोणाला दिला जाईल. घरी येताना राखेच्या ट्रकमागे स्कूटर चालवत मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की हेल्मेटची काच धुरकटली.

आईला सांगितलं. ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "बाकीचे येते मले. लुगड्याचंच तिसरं कडवं आठवून नाही राहिलं." आणि पुन्हा चाकवत निवडू लागली.

लुगड्याचं गाणं माझ्या आजीवरचं, आईच्या आईवरचं. दीक्षा घ्यायला जाताना सगळ्यांनी पांढरं नेसायचं ठरलं होतं आणि आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं. पहिल्या कडव्यात ती ते शेजारणीकडून उसनं आणते, दुसऱ्यात पोरांना घेऊन नागपूरपर्यंत पायी जाते. पौर्णिमेला बायका विहारात हेच गाणं म्हणणार होत्या आणि आईचं गाणं दुसऱ्या कडव्यावर अडकलं होतं. बाबा गेल्यापासून आई स्वतःला विसराळू म्हणायला लागली होती. डोकंच गेलं माझं, असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. तिसरं कडवं सापडलं नाही तर ती गाणं रचायचंच सोडून देईल, अशी मला भीती वाटायची.

कंपनीच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता होता. मी रजा टाकली आणि पत्र लिहायला बसले. पहिलं पत्र चार ओळींचं होतं, हे काही केल्या होईना. कधी ते अर्ज वाटायचं, कधी माफीनामा. शेवटी सरळ लिहिलं: खाते बंद करण्याचा अर्ज मीच केला होता, तो थांबवावा. खात्यात माझ्या आईने रचलेली आणि गायलेली गाणी आहेत, दुसरीकडे कुठेही ती नाहीत. आम्हाला पासवर्ड नको. फक्त ध्वनिमुद्रणांच्या प्रती द्याव्यात आणि मग खाते बंद करावे.

दुसऱ्या दिवशी पोच आली. खातं काढण्याचं काम थांबवलं होतं. मी खुर्चीत बसूनच दोन मिनिटं नुसती हसले. पुढे मात्र अटी होत्या. खातं ते कोणालाच उघडून देणार नव्हते. प्रती द्यायच्या तर अर्ज पत्नीच्या सहीचा हवा, नात्याचा पुरावा हवा आणि बाकीच्या वारसांचं, म्हणजे भावाचं आणि माझं, संमतिपत्र हवं. माझं संमतिपत्र तयार होतं. भावाने पुण्याहून सही करून त्याचा फोटो पाठवला, आधी वाकडा आणि मग सरळ.

अडली ती आई. सही करायला बसली आणि पेन खाली ठेवलं.

"त्याहिचं कुलूप हाय ते. आपन कसं काढाव?"

हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. आमच्याकडे यंत्रावर काम करणारा माणूस स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि लाल पाटी लावतो. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबा घरातसुद्धा हा नियम चालवायचे. त्यांचं कपाट, त्यांचा रेडिओ, त्यांचा फोन. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आईने त्यांच्या खिशात हात घातला नव्हता.

"आई, माणूस घरी गेला आणि कुलूप तसंच राहिलं तर?" मी विचारलं. "त्यालाही नियम आहे. नीट चौकशी करायची, कागदावर लिहायचं, आणि त्याच्या साहेबाने सही करून काढायचं."

आईने कागद पुन्हा पुढे ओढला. मग तिने पेन उचललं.

"साहेबच पाहिजे न? मंग घरी त्याहिची साहेब मीच."

आणि तिने नेहमीपेक्षा मोठी सही केली.

आठवड्याने कंपनीतून एका मुलीचा फोन आला. पडताळणी होती. "काकू, अर्ज तुम्हीच केलाय ना? खात्यात साधारण काय आहे, सांगता येईल?" आईने सांगायच्या ऐवजी एक गाणंच म्हणायला सुरुवात केली. मी हाताने खुणा करतेय, थांब म्हणतेय, पण ती पूर्ण कडवं म्हणूनच थांबली. पलीकडून ती मुलगी म्हणाली, "हो काकू, एवढं पुरे आहे," आणि तिचाही आवाज हसरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी गाण्यांची लिंक आली. ठरावीक दिवसांत उतरवून घ्या, म्हणून सूचना होती. मी दोन ठिकाणी उतरवून घेतलं, मग भावाकडे पाठवलं, मग पेन ड्राइव्हवर घातलं. एकदा पोळलेली मी.

दुपारचे तीन वाजले होते. आईने आपणहून पंखा बंद केला. मी लुगड्याचं गाणं लावलं. खोकला, भांड्याचा आवाज, मग आई. पहिलं कडवं, दुसरं कडवं. आई डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर ठेका धरायला तयार. आणि गाणं थांबलं. मग बाबांचा आवाज आला, पाळी संपताना नोंदवहीत लिहितात तसा, एकसुरी:

"गानं लुगड्याचं. दोन कडवे झाले. तिसरं बाकी."

आणि मग तोंड फोनपासून लांब नेऊन, आईला: "परत आल्यावर मायनं लुगड्याचं काय केलं वं?"

आईचा आवाज: "मले काय माहीत गा? मी कुठं जन्मलो होतो तवा? मौद्याच्या मावशीले इचारून सांगीन."

"इचार मंग. नोंद अर्धी ठेवाची नाही."

बस, एवढंच.

आईने डोळे उघडले. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसायला लागली, पदराने डोळे पुसत हसत राहिली. "म्हंजे मी इसरलो नाही! तिसरं कडवं नवतंच गा!" हा "गा" पुरुषाला म्हणायचा; तो तिने मला नाही, फोनला म्हटला. मला इतकं बरं वाटलं की मी उठून पुन्हा चहा टाकला, पहिला संपला नसताना.

मौद्याची मावशी आजीची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, पण कान शाबूत. दीक्षेला ती आजीचं बोट धरून गेली होती. आईने लगेच फोन लावला.

"मावशी, मायनं ते लुगडं काय केलं?"

"काय करन?" मावशी म्हणाली. "उसनं होतं ते. धुतलं, वायवलं, घडी केली अन् परत नेऊन देल्लं. आपलं काम झालं न."

आईने फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. संध्याकाळपर्यंत तिसरं कडवं तयार होतं. आजी नदीवर लुगडं धुते, त्यातली वाटेची माती जाते, आणि ती घडी करून शेजारणीच्या हातात ठेवते. पौर्णिमेला विहारात ते म्हटलं, तेव्हा मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या रडल्या आणि एकीने आईला पुन्हा म्हणायला लावलं.

त्याआधी एक काम उरलं होतं. कंपनीने विचारलं होतं: प्रती मिळाल्या असल्यास खाते आता बंद करावे काय? या वेळी मी माझ्या मनाने काही लिहिलं नाही. लॅपटॉप घेऊन आईसमोर बसले. ती म्हणाली, तू लिही, मी सांगते. मी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि कंपनीसाठी खाली इंग्रजीत अर्थ लिहिला.

"आमचं आमाले भेटलं. एवढे दिवस तुमी जपून ठेवलं, बरं केलं. आता तुमची जागा तुमी परत घ्या."

सही केली. मग आईने स्वतःचा फोन हातात घेतला, तिसरं कडवं म्हणून त्यात घेतलं, आणि थांबवायचं बटण दाबायच्या आधी बाबांच्याच एकसुरी आवाजात म्हणाली:

"गानं लुगड्याचं. तिनही कडवे झाले. बाकी काही नाही."